हात धरून ठेवतो, पण केस उचलत नाही

"काका, आमचा व्हॅक्युम क्लीनर सात वर्षं जुना आहे, कापडी पिशवीवाला, १४०० वॅटचा. दिवाळीआधी घराला रंग काढला आणि नंतर मी सगळी लादी, खिडक्या, गाद्या त्यानेच साफ केल्या. तेव्हापासून तो काही ओढतच नाही. गंमत म्हणजे पाइपच्या तोंडावर हात ठेवला की हात चांगला धरून ठेवतो, पण लादीवरचा साधा केस उचलत नाही. आवाज पूर्वीपेक्षा चिरका येतो आणि दहा-पंधरा मिनिटांत आपोआप बंद पडतो. पिशवी उघडून बघितली तर पावसुद्धा भरलेली नव्हती, तरी रिकामी केली, काही फरक नाही. मेकॅनिकने फोनवरच सांगितलं की मोटर गेली, नवीन घ्या. खरंच गेली का?"
— एक ताई, नाशिक रोड

ताई, नाही गेली. म्हणजे मी पण इथे बसूनच बोलतोय हे मान्य, पण तुमच्या पत्रात मोटर ठणठणीत असल्याचे दोन पुरावे तुम्हीच लिहून पाठवलेत, एक तो हात धरून ठेवायचा आणि दुसरा तो चिरका आवाज. त्या मेकॅनिकने दोन मिनिटं नीट ऐकून घेतलं असतं तर त्याला पण कळलं असतं.

आधी हाताचं बघू, कारण त्यानेच भलेभले फसतात. दुकानात मशीन घेऊन येणारा प्रत्येक माणूस मला पाइपवर तळहात दाबून दाखवतो, "बघा, ओढतंय तर खरं, मग कचरा का नाही घेत?" आता असं समजा की तुमच्या गच्चीवरच्या टाकीतून येणारी लाइन आतून गाळाने अर्धीअधिक बुजलीये. नळ सोडला तर करंगळीएवढी धार येते. पण त्याच नळाच्या तोंडावर अंगठा घट्ट दाबून धरा, क्षणभरात अंगठ्याला पाण्याचा तोच जोर लागतो जो चांगल्या लाइनमध्ये लागला असता. कारण पाणी वाहतच नाहीये, आणि जे वाहत नाही त्याला गाळाची अडचण ती काय? अंगठा काढला, पाणी वाहायला लागलं, की मग गाळ आडवा येतो आणि परत तीच करंगळी.

व्हॅक्युमचं हुबेहूब तसंच. तळहात पूर्ण दाबला की हवा वाहायची थांबते, मग मध्ये पिशवी चोंदलेली असो की फिल्टर, पंखा जेवढा ताण निर्माण करू शकतो तेवढा सगळा तुमच्या हातापर्यंत पोचतो. हात चिकटतो. पण कचरा ताणाने उचलला जात नाही हो, तो वाहत्या हवेच्या झोताबरोबर जातो. झोत नसेल तर केस जागचा हलत नाही. म्हणजे तुमची तक्रार "सक्शन कमी झालं" अशी असली तरी सक्शन जागेवर आहे, वाट बंद आहे. आणि जर खरंच मोटर कमजोर झाली असती किंवा कुठून तरी हवा लीक होत असती, तर हात दाबून ठेवल्यावरसुद्धा तो असा धरला गेला नसता, सैल वाटला असता. तेव्हा हा एक फरक लक्षात ठेवा, हात दाबल्यावर जोर लागतो आणि मोकळं सोडल्यावर झोत नाही, म्हणजे वाट कुठेतरी बुजलीये. हात दाबूनही जोर नाही, म्हणजे गळती, नाहीतर मोटर, नाहीतर पाइप मध्येच पार ठार बंद.

दुसरा पुरावा आवाजाचा. लोकांना वाटतं चिरका आवाज म्हणजे मोटरवर लोड येतोय, बिचारी धापा टाकतेय. उलट आहे. व्हॅक्युमची मोटर मिनिटाला २०,००० च्या वर फेरे मारते आणि तिचं सगळं काम हवा फेकणं हेच असतं. हवा येणंच बंद झालं की तिला कामच उरत नाही, ती रिकामी फिरते आणि आणखी जोरात फिरते, म्हणून आवाज वर चढतो. लाइटसुद्धा अशा वेळी कमी खाते, जास्त नाही. हवा अडल्यामुळे चिरका आवाज काढणारी मोटर आजारी नसते, बेकार बसलेली असते. आजारी मोटरचा आवाज बहुतेक वेळा खाली उतरतो, घरघरतो, वर जळका वास येतो.

मग ती गरम होऊन बंद का पडते, असं तुम्ही विचाराल. तर तुमच्या मशीनसारख्या साध्या, फक्त सुका कचरा घेणाऱ्या मशीनमध्ये मोटरला थंड ठेवायला वेगळी सोय नसते, जी हवा कचरा घेऊन येते तीच गाळून पुढे मोटरच्या अंगावरून जाते आणि तिला गार करते. हवा बंद, गारवा बंद. आत एक थर्मल कटऑफ असतो तो जीव वाचवतो, मशीन बंद पाडतो आणि अर्धा-पाऊण तास थंड झालं की परत चालू होऊ देतो. तेव्हा ते "आपोआप बंद पडणं" हा बिघाड नाही, ती राखण आहे. पण रोज रोज तिची परीक्षा बघू नका, कारण असं तापवून तापवूनच चांगल्या मोटरी खरोखर जातात आणि मग फोनवरचा मेकॅनिक बरोबर ठरतो.

आता वाट कुठे बुजलीये ते शोधू. आपल्या भाषेत तीन वेगवेगळे शब्द आहेत आणि ते इथे अगदी फिट बसतात, पिशवी भरते, फिल्टर चोंदतो आणि पाइप तुंबतो. तुमच्याकडे मला वाटतं चौथाच प्रकार झालाय, पिशवी न भरताच चोंदलीये. पण माझ्या वाटण्यावर जाऊ नका, मशीनला विचारा, दहा मिनिटांचं काम आहे.

सुरुवात करण्याआधी हँडलच्या वाकड्या भागावर एक छोटी सरकती खिडकी असते ती बंद आहे का बघा. पडदे ओढताना पडदाच आत जाऊ नये म्हणून ती उघडायची असते आणि मग उघडीच राहते. हसू नका, मी या एका खिडकीसाठी माणसं रिक्षा करून मशीन घेऊन आलेली बघितलीयेत. तुमच्या बाबतीत हात चांगला धरला जातो म्हणजे ती बंदच असणार, ती उघडी असती तर हवा तिथून आली असती आणि हात सैल वाटला असता. तरी एकदा बघून घ्या.

आता पाइप मशीनपासून पूर्ण काढा, नुसतं मशीन जमिनीवर राहू दे. चालू करा आणि जिथे पाइप बसतो त्या भोकासमोर हात धरा, पण दाबू नका. मघाशी सांगितलं ना, दाबला की फसवणूक सुरू. दोन-तीन बोटं अंतर ठेवा, किंवा त्यापेक्षा सोपं म्हणजे टिश्यू पेपरची एक लांब पट्टी दोन्ही हातांनी ताणून भोकासमोर धरा आणि किती लांबून ती आत झुकते ते बघा. पट्टी नीट धरून ठेवा, आत गेली तर तुम्हीच मला शिव्या घालाल. आता आवाज ऐका, आणि ऐकता ऐकता एकदा तळहाताने भोक पूर्ण बंद करा. आवाज ठळकपणे वर चढला तर समजा की आधी हवा छान वाहत होती, म्हणजे मशीनच्या आत सगळं ठीक आहे, भानगड पाइपात, नळीत किंवा खालच्या ब्रशात आहे. आवाज आधीच चिरका होता आणि हात ठेवल्यावर जेमतेम बदलला, तर हवा आधीपासूनच अडलेली होती, म्हणजे भानगड मशीनच्या पोटात, पिशवी किंवा फिल्टर.

समजा पोटात निघाली. मग प्लग काढा, पिशवी बाहेर काढा, मोटरच्या तोंडावरचा फिल्टर मात्र जागेवर आहे याची खात्री करा, झाकण लावा आणि फक्त दोन-तीन सेकंद चालू करून तीच पट्टी परत धरा. काही मशीनचं झाकण पिशवीशिवाय लागतच नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं, तिथे जबरदस्ती करू नका, नवीन किंवा दुसऱ्या कोणाची चांगली पिशवी लावून बघा. पिशवीशिवाय झोत एकदम परत आला तर चोर सापडला. नाही आला तर फिल्टर. बस्स, एवढंच. यात स्क्रू ड्रायव्हर लागला का कुठे?

तुमच्या मशीनवर पिशवी भरल्याचं दाखवणारा लाल ठिपका किंवा पट्टी असेल तर तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, पण तिला साक्षीदार म्हणून वापरा. तिला पिशवी दिसत नसते, तिला पिशवीच्या पलीकडच्या बाजूचा ताण कळतो. त्यामुळे पाइप तुंबला तरी ती लाल होते आणि लोक गुपचूप रिकामी पिशवी बदलत बसतात. पाइप काढून मोकळ्या भोकाने मशीन चालू केलं आणि तरी लाल, तर पिशवी. पाइप काढल्यावर लाल गेलं, तर पाइप. आणि झोत नाही पण लालही होत नाही असं असेल तर बहुतेक मशीनमध्ये अडथळा पिशवीच्या पुढे असतो, म्हणजे मोटरच्या आधीचा फिल्टर किंवा मागे हवा बाहेर जाते तिथला.

आता तुमची पिशवी. रंगाचं काम म्हणजे नुसता रंग नसतो, आधी लांबी भरतात, ती वाळली की पॉलिश पेपर मारून घासतात, आणि त्या घासण्यातून जी पांढरी भुकटी उडते ती मैद्यापेक्षा बारीक. तीच तुमच्या लादीवर, खिडकीच्या चॅनलमध्ये आणि गाद्यांवर बसली होती आणि ती तुम्ही व्हॅक्युमने ओढलीत. रोजचा घरचा कचरा वेगळा असतो, केस, धागे, कापूस, चपलांची माती. तो पिशवीत एकमेकात अडकून सैलसर बसतो आणि त्याच्यामधून हवा जाते. लांबीची भुकटी तशी बसत नाही, ती सरळ कापडाच्या विणीत जाऊन बसते. प्रत्येक भोकात एकेक कण, झालं. वाटीभर भुकटीने अख्खी पिशवी चोंदते आणि वजन केलं तर काहीच नाही, हातात घेतली तर रिकामी वाटते. म्हणून तुम्ही उघडून बघितलंत तेव्हा पावसुद्धा भरली नव्हती, आणि म्हणूनच रिकामी करून काही झालं नाही, कारण तुम्ही पोटातलं बाहेर काढलंत, कापडातलं कापडातच राहिलं.

बघायचंय? पिशवी गच्चीत न्या, उलटी करा म्हणजे आतली बाजू बाहेर, आणि उन्हाकडे धरा. स्वच्छ कापडातून उजेडाचे बारीक ठिपके दिसतात. चोंदलेल्या कापडात भाकरीच्या पिठाचा हात पुसल्यासारखा पांढरट थर दिसतो आणि उजेड मंद येतो. तोंडाने फुंकून बघायचा मोह होईल, तो आवरा, ती भुकटी छातीत घ्यायची गोष्ट नाही. नाकाला मास्क किंवा रुमाल बांधा आणि वाऱ्याकडे पाठ करा. मग काठीने बाहेरून हलक्या हाताने झोडा, गोधडी झोडतो तशी, आणि जुन्या कपड्याच्या ब्रशने विणीच्या दिशेने घासा. दहा मिनिटं तरी करा. वाटेल की किती निघतंय, संपतच नाहीये, तेच तर मी म्हणतोय.

पाणी लावू नका. हे मी स्वतः भोगलेलं आहे. नवीन नवीन दुकान टाकलं तेव्हा एका गिऱ्हाइकाची अशीच लांबीने चोंदलेली पिशवी मी मोठ्या उत्साहात बादलीत बुचकळली. त्या भुकटीचा झाला लगदा, तो आणखी आत गेला, वाळल्यावर पिशवी कांजी केलेल्या साडीसारखी उभी राहायला लागली. शेवटी माझ्या पैशाने नवीन दिली. काही कापडी पिशव्या धुता येतात असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं, तिथेही ते साध्या घरच्या धुळीसाठी. लांबी, पीओपी, सिमेंट, रांगोळी असलं काही गेलं असेल तर आधी पूर्ण कोरडं झोडून काढायचं, आणि झोडूनही पट्टीची टेस्ट सुधारली नाही तर सरळ नवीन पिशवी आणायची. मशीनपुढे पिशवीची किंमत काहीच नाही. आणि कागदी पिशवी असती तर तिच्याशी असली काही खटपटच करायची नव्हती, ती एकदाच वापरायची, तिला मागून कापून रिकामी करून स्टेपल मारणारे हुशार लोक मला माहितीयेत, त्यांच्या मोटरीत नंतर काय काय सापडतं तेही माहितीये.

पिशवीच्या मागे मोटरच्या तोंडावर एक स्पंज किंवा जाडसर कापडी चकती असते, तो फिल्टर. त्याच्याकडे फक्त साफ करायची वस्तू म्हणून बघू नका, तो काय सांगतो ते आधी बघा. करडा, हलकासा मळलेला असेल तर ठीक, पिशवी आपलं काम करत होती. पांढरी भुकटी थापलेली दिसली तर पिशवीतून गळती आहे, एकतर शिवण उसवलीये, एकतर पिशवीची पुठ्ठ्याची किंवा रबराची गळपट्टी खाचेत नीट बसलेली नव्हती. रिकामी करून परत लावताना हे हमखास होतं, वाटतं बसली, पण एक कोपरा वर राहतो. स्पंजचा फिल्टर असेल तर तोही आधी कोरडा आपटून घ्या, मग साध्या थंड पाण्यात हलका पिळत धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि सावलीत पूर्ण २४ तास वाळू द्या. पावसाळा असेल तर दोन दिवस. गालाला लावून बघा, गार लागला तर आत ओल आहे. ओला फिल्टर लावून मशीन चालवलं की धूळ चिकटून त्याचं शेण होतं, वर कुबट वास घरभर, आणि ओल पुढे मोटरकडे जाते ते वेगळंच. घड्या घातलेल्या कागदासारखा हेपा फिल्टर असेल तर त्यावर "धुता येतो" असं स्पष्ट लिहिलेलं असल्याशिवाय पाण्याच्या जवळ नेऊ नका. तो बहुतेक मागच्या जाळीच्या आत असतो, सात वर्षांत तुम्ही ती जाळी कधी उघडलीत का? नाही ना. बहुतेक घरांत तो फिल्टर आहे हेच कोणाला माहीत नसतं.

आता पाइप. तुमच्याकडे मुख्य चोर पिशवी आहे असं मी म्हणत असलो तरी पाइप सोडू नका, कारण दोन चोर एकदम असणं फार कॉमन आहे आणि माणूस एक पकडून थांबतो. गेल्याच महिन्यात पंचवटीतल्या एका आजींचं मशीन आलं होतं. सेम गोष्ट, पिशवी चोंदलेली, बदलली, पट्टी भोकासमोर फाडकन आत झुकायला लागली, मला वाटलं झालं काम. पाइप लावला, टोकाशी पट्टी धरली, अर्धासुद्धा झोत नाही. मग गोटी काढली. माझ्या गल्ल्यात एक काचेची गोटी कायम असते, पोरं हसतात. पाइप दोन्हीकडून मोकळा करून एक टोक उंच धरायचं, गोटी सोडायची आणि खालच्या टोकाला हात धरून थांबायचं. मोकळ्या पाइपात ती खडखड करत सरळ हातात येते. वाटेत थांबली तर पाइप हळूहळू हलवत ऐकायचं, कुठून खुडबुड येते, तिथे बाहेरून चाचपलं तर गोळा लागतो. आजींच्या पाइपात गोटी हँडलच्या वाकावर जाऊन बसली, आणि ती जागा मी न बघता पण सांगितली असती. बाहेर काय काढलं सांगू? सगळ्यात आधी खराट्याचा एक हीर, आडवा अडकलेला. तो गेला होता कधीतरी, वाकावर वळता आलं नाही म्हणून तिथेच तिरका बसला. त्याच्या अंगावर केसांतले दोन आकडे, मग लांब केस, मग राखीचा गोंडा, आणि या सगळ्यावर धूळ बसून बसून तयार झालेला नमदा, अक्षरशः टोपी शिवता आली असती. आजी म्हणाल्या राखी दोन वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे दोन वर्षं ते मशीन अर्ध्या श्वासावर चाललं होतं.

पाइप पूर्ण तुंबायला मोठी वस्तू लागत नाही, एक ताठ, आडवी काडी पुरते, बाकीचं केस करतात. म्हणून गोटी सहज गेली तरी समाधान मानू नका, कडेला चिकटून बसलेला गुंता गोटीला वाट देतो. सरळ नळ्यांमधून मोबाइलचा टॉर्च मारून पलीकडे बघा, गोल उजेड दिसला पाहिजे, चंद्रकोर दिसली तर आत कोणीतरी बसलंय. आणि खालचा ब्रश उलटा करून तिथलं वळण बघा, केस आणि धागे तिथे गुंडाळलेले असतात ते कात्रीने कापून काढा.

काढायचं कसं? लोखंडी सळी, छत्रीची काडी, हँगर सरळ करून घुसवणं हे अजिबात नको, पाइपाला आतून भोक पडलं की मग आयुष्यभर शिट्टी. तुमच्या मशीनला मागे ब्लोअरचं भोक असेल, बऱ्याच जुन्या मशीनला असतं, तर पाइपाचं मशीनकडचं टोक तिथे लावा, दुसरं टोक जुन्या उशीच्या अभ्र्यात घालून हाताने आवळून धरा, फार घट्ट नाही, हवा जायला पाहिजे, आणि चालू करा. ज्या दिशेने गोळा घट्ट बसला त्याच्या उलट दिशेने हवा गेली की तो सुटतो. ब्लोअर नसेल तर पाइपाचं ब्रशकडचं टोक मशीनच्या भोकावर हाताने धरून भोवती ओलं फडकं गुंडाळा आणि उलटं ओढू द्या, तोच परिणाम. तरी नाही निघाला तर पाइप लादीवर सरळ अंथरून गोळ्याच्या जागी बाहेरून दोन्ही हातांनी मळा, पोळीची कणीक मळतो तसं हलकं, आणि बोथट लाकडी दांडी हळू सरकवा. गरम पाणी नको, प्लॅस्टिकचा पाइप मऊ पडून चपटा होतो.

पाइप मोकळा आहे तरी टोकाशी झोत कमी आणि हात दाबूनही जोर लागत नाही असं झालं, तर तडा शोधा. मशीन चालू ठेवून टोक तळहाताने बंद करा आणि दुसऱ्या कोणाला तरी पाइपावरून ओला हात फिरवायला सांगा, जिथे हवा आत जाते तिथे गार लागतं आणि हात ठेवल्यावर आवाज बदलतो. बहुतेक वेळा तडा दोन टोकांच्या गळ्याजवळच असतो, कारण सगळे मशीन पाइप धरूनच ओढतात. गळ्याजवळचा असेल तर तेवढा तुकडा कापून परत बसवता येतो.

मोटर खरंच गेली असं केव्हा म्हणायचं ते पण सांगून टाकतो म्हणजे परत कोणी घाबरवायला नको. पाइप नाही, पिशवी नाही, फिल्टर स्वच्छ आणि कोरडा, मागची जाळी मोकळी, आणि तरीही भोकावर हात दाबला तर जोर नाही, आवाज चढत नाही, नाहीतर आवाज हुंदके दिल्यासारखा येतो, मागच्या जाळीतून ठिणग्या दिसतात, जळका वास येतो. यातसुद्धा हुंदके आणि ठिणग्या असतील तर बऱ्याचदा कार्बन ब्रश झिजलेले असतात, ती लहानशी आणि स्वस्त वस्तू आहे, अख्खी मोटर नाही. पण ते दुकानात करायचं काम, घरी उघडू नका.

आता घरातली जी उरलीसुरली लांबीची धूळ असेल, गाद्यांच्या शिवणीत, फॅनच्या पात्यांवर, ती ओल्या फडक्याने पुसून घ्या, या मशीनला परत दाखवू नका. चमचाभर रवा लादीवर टाका आणि ब्रश हळू जवळ न्या. आधी पिशवी झोडून, फिल्टर वाळवून, मग एकदा. पाइप साफ करून मग परत एकदा. कोणत्या वेळी रवा लांबून पळत आला ते तुम्हालाच दिसेल. आणि दोन्ही वेळा जागचा हलला नाही, तर मला लिहा, फक्त तीन गोष्टी लिहा, पाइप काढल्यावर आवाज कसा होता, पिशवी काढल्यावर पट्टी झुकली का, आणि गोटी खाली आली का.

गोटी आठवणीने बाहेर काढा मात्र.